आम्ल-आम्लारीचा पाठ तमिळ वर्गात नेताना

आम्ल आणि आम्लारी यांची ओळख करून देणारा एक पाठ जगभरच्या इंग्रजी शिक्षक-पुस्तिकांत थोड्याफार फरकाने सापडतो. लाल कोबी चिरून गरम पाण्यात भिजवायचा, ते जांभळे पाणी गाळून छोट्या पेल्यांत ओतायचे आणि एकेका पेल्यात लिंबाचा रस, पांढरे व्हिनेगर, बेकिंग सोडा आणि काचा पुसण्याचे अमोनियायुक्त द्रावण घालून रंग पाहायचे. आम्लात पाणी गुलाबी-लाल होते, आम्लारीत हिरवे, आणि साध्या पाण्यात जांभळेच राहते. मुले रंगांवरून पदार्थांचे गट पाडतात आणि मग शिक्षक लिटमस कागदाकडे वळतात. पाठ चांगलाच आहे. फक्त तो ज्या स्वयंपाकघरांना समोर ठेवून लिहिला गेला, ती तमिळनाडूतल्या रामनाथपुरम किंवा तूत्तुक्कुडी जिल्ह्यातल्या गावांत नाहीत. तिथल्या बाजारात लाल कोबी येत नाही आणि काचा पुसायच्या द्रावणाची बाटली घरोघरी नसते. अशा पाठाचे नुसते भाषांतर केले, तर शिक्षकाच्या हाती नीटनेटक्या तमिळमधला कागद येतो आणि टेबल रिकामे राहते. प्रयोगाचा पाठ मग वाचनाचा पाठ होतो.

रूपांतर करणाऱ्याला म्हणून आधी मूळ पाठातल्या प्रत्येक वस्तूचे काम ओळखावे लागते. लाल कोबी तिथे भाजी म्हणून आलेला नाही. आम्ल, उदासीन आणि आम्लारी या तिन्ही अवस्था वेगवेगळ्या रंगांनी दाखवणारा दर्शक हे त्याचे काम. काचेचे द्रावण हे घरात सहज मिळणाऱ्या बऱ्यापैकी तीव्र आम्लारीच्या जागी आहे. लिंबू नेहमीच्या खाण्यातले आम्ल आहे. बदली वस्तूने तेच काम करायला हवे. ती ओळखीची आहे एवढे पुरेसे नाही.

तमिळ घरात पहिली बदली वस्तू कोणालाही सुचेल ती हळद. लग्नात किंवा बाळंतीण घरी आल्यावर ओवाळायला तिथे ‘आलम’ कालवतात. हळदीच्या पाण्यात विड्याचा चुना, म्हणजे ‘सुण्णांबु’, घातला की पाणी लालभडक होते. हळदीपासून कुंकू करण्याची पद्धत ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हा रंगबदल नवा नाही. आम्लारीच्या सान्निध्यात हळदीतले कुर्कुमिन पिवळ्याचे तांबूस-लाल होते, त्यामुळे आलम हा दर्शकाचा अस्सल प्रयोगच आहे. मुलांनी तो पाहिलेला असतो, फक्त त्याला प्रयोग म्हटलेले नसते.

अडचण पुढे येते. हळद आम्लातही पिवळी आणि साध्या पाण्यातही पिवळीच राहते. चिंचेच्या पाण्याचा थेंब हळदीच्या कागदावर टाकला तर काहीच होत नाही, आणि सरळ विचार करणारा मुलगा वहीत लिहितो की चिंच आम्ल नाही. त्याचे निरीक्षण बरोबर असते, चुकलेली असते ती पाठाची रचना. म्हणून हळदीचा कागद पाठात ठेवायचा तो ‘आम्लारी आहे की नाही’ एवढ्याच प्रश्नासाठी, आणि तसे शिक्षकाच्या कागदावर ठळक लिहायचे.

कोबीची जागा खऱ्या अर्थाने घेते ते ‘संगुप्पू’, म्हणजे आपली गोकर्ण. कुंपणावर चढणारा हा निळ्या फुलांचा वेल तमिळ गावांत सहज दिसतो. रंगद्रव्य कोबीच्याच कुळातले, अँथोसायनिन. पंधरा-वीस फुलांच्या पाकळ्या अर्धा पेला, म्हणजे सुमारे १०० मिली गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवल्या की गर्द निळा अर्क मिळतो. लिंबाने तो जांभळा होतो, रस जास्त घातला तर गुलाबीकडे झुकतो. चुन्याच्या निवळीने हिरवा होतो. फुले वाळवून ठेवली तरी चालतात, त्यामुळे बहर नसताना पाठ अडत नाही. जास्वंदही, तमिळमध्ये ‘सेंबरुत्ती’, आम्लात गडद गुलाबी आणि आम्लारीत हिरवी होते, आणि सौम्य आम्लांच्या बाबतीत तिचा रंग गोकर्णीपेक्षा स्पष्ट बोलतो. गोकर्णीची उणीव नेमकी तिथे आहे. ताकासारख्या सौम्य आम्लात निळ्याचा जेमतेम निळा-जांभळा होतो आणि मागच्या बाकावरून तो फरक दिसत नाही.

आता पाण्याचा प्रश्न. मूळ पाठ नळाचे पाणी उदासीन धरून चालतो. तमिळनाडूच्या कोरड्या आणि किनारी भागांत शाळेची कूपनलिका अनेकदा खारट, जड पाणी देते आणि त्याचा pH ७ च्या बराच वर असू शकतो. अशा पाण्यात काढलेला गोकर्णीचा अर्क सुरुवातीलाच हिरवट दिसतो आणि ‘साधे पाणी उदासीन असते’ हे वाक्य मुलांच्या डोळ्यांदेखत खोटे ठरते. अर्क पावसाच्या साठवलेल्या पाण्यात किंवा दुकानात मिळणाऱ्या बॅटरीच्या ऊर्ध्वपातित पाण्यात काढला की ही अडचण टळते. कूपनलिकेचे पाणी मात्र फेकून देऊ नये. ते तपासायचा एक नमुना म्हणून टेबलावर ठेवावे, कारण आपण रोज पितो ते पाणी किंचित आम्लारीधर्मी आहे, हा शोध मुलांना व्हिनेगरपेक्षा जास्त जवळचा वाटतो.

वस्तू ठरल्या की भाषा. आम्लाला तमिळ पाठ्यपुस्तकांत ‘अमिलम’ म्हणतात, दर्शकाला ‘निरंगाट्टी’, म्हणजे रंग दाखवणारा, आणि उदासिनीकरणाला ‘नडुनिलैयाक्कल’. हे शब्द मुलांना नवे असतात आणि नवे म्हणूनच सोपे जातात. अडचण करतो तो ओळखीचा शब्द. आम्लारीला पाठ्यपुस्तकातला शब्द आहे ‘कारम’, आणि रोजच्या तमिळमध्ये कारम म्हणजे तिखट. जेवणात कारम जास्त झाले की आईला सांगणारे मूल विज्ञानाच्या तासाला ‘कारम म्हणजे काय’ या प्रश्नाचे उत्तर ‘मिरची’ असे देते, आणि ते बरोबरच आहे अशी त्याची खात्री असते. शब्द बदलण्याचा मार्ग इथे बंद आहे, कारण परीक्षेत तोच येणार. म्हणून गैरसमज दडवण्याऐवजी पाठाच्या सुरुवातीलाच टेबलावर आणणे बरे. हिरवी मिरची पाण्यात वाटून, गाळून ते पाणी हळदीच्या कागदावर टाकायचे. कागद पिवळाच राहतो. शेजारी चुन्याच्या निवळीचा थेंब टाकला की डाग लाल होतो. दोन डाग शेजारी-शेजारी पाहिले की ‘जिभेचे कारम’ आणि ‘विज्ञानातले कारम’ वेगळे आहेत हे मुलांना एका मिनिटात पटते. लाल तिखटाची पूड इथे वापरायची नाही, तिचा स्वतःचा रंगच निकाल झाकतो. मूळ इंग्रजी पाठात या प्रयोगाला जागा नाही, कारण इंग्रजीत हा गोंधळच नाही. चांगल्या रूपांतरात अशी भर अपरिहार्य असते आणि तिच्यासाठी दुसरीकडची पाच मिनिटे कापावी लागतात.

तमिळमध्ये लिहिण्याची आणि बोलण्याची भाषा यांच्यातले अंतर मराठीपेक्षा बरेच मोठे आहे. ‘कोणता रंग होतो?’ हा प्रश्न पुस्तकी तमिळमध्ये ‘एन्न निरमाग मारुगिरदु?’ असा लिहितात, पण वर्गात कोणीही तसे विचारत नाही. तिथे प्रश्न येतो ‘एन्न कलरा मारुदु?’ शिक्षकाने मोठ्याने विचारायचे प्रश्न पुस्तकी भाषेत छापले तर दोनच गोष्टी घडतात. शिक्षक ते वाचून दाखवतात आणि वर्ग गप्प बसतो, किंवा मनातल्या मनात दुसरे भाषांतर करत बोलतात आणि प्रश्नाचा नेमका रोख हरवतो. म्हणून तोंडी प्रश्न बोलीत लिहायचे, फळ्यावरची व्याख्या आणि वहीतला तक्ता पुस्तकी भाषेत ठेवायचा. काही तमिळ भाषाप्रेमींना छापील कागदावरची बोली खटकते. पण हा कागद मुलांना वाटायचा नसून शिक्षकाच्या हातात राहायचा आहे, हे लक्षात घेतले तर आक्षेपाला फारसा आधार उरत नाही. नेहमीच्या वस्तूंची नावेही घरातलीच हवीत. बेकिंग सोड्याला ‘सोडियम बायकार्बोनेट’ म्हणण्याआधी ‘आप्प सोडा’ म्हटले की प्रत्येक मुलाला डब्यातली ती पांढरी पूड डोळ्यांसमोर दिसते. रासायनिक नाव त्यानंतर, फळ्यावर.

चुन्याबाबत मात्र सावधगिरीची सूचना मूळ पाठात सापडणार नाही, ती नव्याने लिहावी लागते. विड्याचा चुना घरातला म्हणून निरुपद्रवी वाटतो, पण त्याच्या निवळीचा pH १२ च्या आसपास असतो. चुन्याची पुडी किंवा नळी हाताने दाबताना फुटून डोळ्यात गेल्याने मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा होण्याचे प्रकार भारतातल्या नेत्रतज्ज्ञांना चांगले परिचित आहेत. म्हणून चुना मुलांच्या हातात द्यायचाच नाही. शिक्षकाने आदल्या दिवशी दोन वाटाण्यांएवढा पांढरा चुना पेलाभर पाण्यात ढवळून झाकून ठेवावा आणि सकाळी वरची स्वच्छ निवळी अलगद ओतून घ्यावी. झाकण महत्त्वाचे, कारण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने निवळी दुधाळ होते आणि तिचा जोर कमी होतो. सुगंधी गुलाबी चुना मिळतो तो टाळावा, त्याचा रंग निकालात मिसळतो. डोळ्यात थेंब उडालाच तर भरपूर स्वच्छ पाण्याने सतत धुवत राहायचे आणि लगेच दवाखाना गाठायचा, हे वाक्य कागदाच्या सुरुवातीला हवे, तळटीपेत नको.

चाळीस मिनिटांच्या तासाला हा पाठ असा बसतो. पहिली पाच मिनिटे मिरचीचा प्रयोग, शिक्षकाच्या टेबलावर. मग मुलांचे सहा-सहांचे गट. प्रत्येक गटाला औषधाच्या बाटल्यांवरची पारदर्शक मापे किंवा पाण्याच्या बाटल्यांचे कापलेले तळ मिळतात आणि त्यांखाली कोरा पांढरा कागद. स्टीलच्या वाट्या शाळेत भरपूर असल्या तरी इथे कामाच्या नाहीत, त्यांत निळा आणि जांभळा ओळखू येत नाही. प्रत्येक मापात दोन चमचे गोकर्णीचा अर्क आणि त्यात एकेक नमुना थेंबाथेंबाने: लिंबू, चिंचेचे पाणी, आप्प सोड्याचे पाणी, साबणाचे पाणी, कूपनलिकेचे पाणी. निवळीचे थेंब तेवढे शिक्षक फिरून स्वतः टाकतात. एक माप कशाशिवाय तसेच ठेवायचे, तुलनेसाठी. मुले हे माप हटकून विसरतात आणि मग रंग बदलला की नाही यावर वाद घालतात.

चिंच हा तमिळ स्वयंपाकाचा कणा, तिला वगळून आम्लाचा पाठ होणे शक्य नाही. पण तिचे घट्ट तपकिरी पाणी अर्काचा रंग गिळते. ते इतके पातळ करावे की पेल्यातून पलीकडचे अक्षर वाचता येईल. ताकाचेही तसेच. पांढरेपणा रंग झाकतो, म्हणून फडक्यातून गाळलेले वरचे पाणी घ्यावे. इडलीचे पीठ हे तर सर्वांत घरगुती उदाहरण. रात्री दळलेले पीठ सकाळी आंबते, दिवसभर बाहेर राहिले तर फार आंबट होते आणि प्रत्येक घरात त्यावर काही ना काही बोलले जाते. ताजे आणि आंबलेले अशी दोन पिठे लिटमसवर तपासली, तर आंबलेल्या पिठावर निळा लिटमस स्पष्ट लाल होतो. इथे मुद्दाम लिटमस वापरायचा, कारण गोकर्णीचा फरक पांढऱ्या पिठात हरवतो आणि मुलांना परीक्षेत लिटमसचेच रंग लिहायचे असतात. लिटमसपर्यंत न पोहोचणारा स्थानिक पाठ मुलांना आवडतो, पण गुणपत्रिकेत त्यांचे नुकसान करतो.

उदासिनीकरणासाठी शेवटची दहा-बारा मिनिटे. एका मापात चमचाभर निवळी, त्यात थोडा अर्क. रंग हिरवा. लिंबाचा रस चौपट पाण्यात पातळ करून ड्रॉपरने एकेक थेंब टाकत मोजत जायचे. वीस-पंचवीस थेंबांच्या आसपास हिरव्याचा निळा होतो आणि आणखी काही थेंबांनी जांभळा. नेमका आकडा लिंबावर आणि निवळीवर अवलंबून असतो, त्यामुळे गटांचे आकडे जुळणार नाहीत, तसे पाठात आधीच लिहावे. रस पातळ न करता घेतला तर पाच-सहा थेंबांतच निळा टप्पा ओलांडला जातो आणि तो कोणाला दिसतच नाही.

या प्रयोगाला जोडायला मूळ पाठात पोटातल्या आम्लपित्ताच्या गोळीचे उदाहरण असते. दक्षिण तमिळनाडूत त्याच्या सोबतीला एक अस्सल उदाहरण उभे आहे, ‘पदनीर’, म्हणजे ताडाची नीरा. ताडाच्या झाडावर मडके बांधण्यापूर्वी त्याला आतून चुना फासतात. चुना नसलेल्या मडक्यातला गोड रस काही तासांत आंबू लागतो, यीस्ट आणि जिवाणू त्यातल्या साखरेपासून मद्यार्क आणि आम्ले बनवतात आणि pH खाली येतो. चुन्यामुळे रस आम्लारीधर्मी राहतो, सूक्ष्मजीवांची वाढ मंदावते आणि पदनीर गोड राहते. त्यापासूनच पुढे ‘करुप्पट्टी’ हा ताडगूळ होतो. उदाहरण सुरेख आहे, पण त्यात चुन्याचे मुख्य काम रस आंबू न देण्याचे आहे. नंतर तयार होणारे आम्ल खोडून काढणे हा त्यातला छोटा भाग. पाठात दोन्ही वेगळे सांगितले नाहीत तर मुले ते एकच समजतात.

दुसरे एक उदाहरण मोहात पाडते आणि फसवते. तिरुच्चिराप्पळ्ळीच्या परिसरात ‘कळर’, म्हणजे चोपण जमिनी आहेत आणि शेतकरी त्यांत जिप्सम घालतात. ‘आम्लारीधर्मी जमीन, तिच्यावर जिप्समचा उपाय, म्हणजे उदासिनीकरण’ असे वाक्य सहज लिहून होते. ते चूक आहे. जिप्सम हे क्षार आहे, आम्ल नव्हे. त्यातले कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमची जागा घेते आणि सुटलेले सोडियम पाण्याबरोबर वाहून जाते. स्थानिक असणे आणि शास्त्राला धरून असणे या वेगळ्या कसोट्या आहेत आणि रूपांतरकाराने प्रत्येक उदाहरण दोन्हींवर तपासावे लागते.

तिसरी कसोटी वर्गातल्या मुलांची आहे. ताडावर चढणे, कपडे धुण्यासाठी ‘उवर मण’ ही खारी माती वापरणे, ही कामे पिढ्यान्‌पिढ्या विशिष्ट जातींशी जोडली गेली आहेत. वर्गात ‘कोणाच्या घरी हे काम चालते?’ असा प्रश्न कुतूहलाने विचारला, तरी एखाद्या मुलाची मान खाली जाऊ शकते. ताडी काढण्यावर राज्यात बंदी असल्याने आंबलेल्या रसाचा उल्लेखही तांत्रिक आणि मोजकाच ठेवणे शहाणपणाचे. आलम हा हिंदू घरांतला विधी आहे, किनाऱ्यावरच्या अनेक वर्गांत मुस्लिम आणि ख्रिस्ती मुले मोठ्या संख्येने असतात. विधीचे नाव कागदावर राहू द्यावे, पण प्रयोगाची सुरुवात त्यापेक्षा हळदीच्या सांबाराचा डाग साबणाने धुताना लाल होतो त्या अनुभवाने करावी. तो शर्ट सगळ्यांच्याच घरात असतो.

कागद तयार झाल्यावर तो पुन्हा इंग्रजीत उलटवून मूळाशी जुळवून पाहण्याची पद्धत आहे. वाक्य सुटले आहे का, एवढे त्यातून कळते, पाठ चालतो का हे नाही. त्यासाठी तो लिहिण्यात भाग न घेतलेल्या शिक्षकाच्या हाती द्यायचा आणि वर्गात मागे बसायचे. शिक्षक कुठे थबकतात, कुठली ओळ वगळतात, कुठले साहित्य आयत्या वेळी शोधत फिरतात, त्या जागा दुरुस्तीच्या. मुलांची परीक्षा घ्यायची ती पाठात न आलेल्या वस्तूवर. ‘पळैय सोरु’, म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, त्याचे वरचे किंचित आंबट पाणी समोर ठेवून विचारायचे: हळदीचा कागद काय दाखवेल, लिटमस काय दाखवेल? हळद काहीच दाखवणार नाही आणि निळा लिटमस लाल होईल, असे कारणासह सांगणाऱ्या मुलाला पाठ समजला. ‘आम्ल आहे’ एवढेच सांगणाऱ्याने चवीवरून ओळखले असण्याची शक्यता मोठी.

भाषा एक असली म्हणजे परिसर एक होतो असे नाही. मुंबई महानगरपालिकेच्या तमिळ माध्यमाच्या शाळा धारावीत आहेत आणि तिथल्या अनेक मुलांची कुटुंबे तिरुनेलवेलीच्या आसपासची. रामनाथपुरमसाठी लिहिलेला हा पाठ त्यांना भाषेत तंतोतंत समजेल, कारम आणि मिरचीचा गोंधळही तसाच होईल. पण पदनीराचे मडके त्यांतल्या बहुतेकांनी पाहिलेले नसते आणि नळाला येणारे पालिकेचे पाणी कूपनलिकेइतके जड नसते. तिथे पाण्याचा नमुना बदलावा लागतो, गोकर्ण फुलबाजारातून आणावी लागते, चुना कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे मिळतो, आणि इडलीचे पीठ मात्र जसेच्या तसे चालते.